रोस्टच्या कागदावरचा दुसरा रकाना

“जवळचा मित्र कायमचा दुसऱ्या शहरात चाललाय. निरोपाच्या पार्टीत त्याचा रोस्ट मी करायचा, असं ग्रुपनं ठरवलंय. मागच्या वेळी एकाचा केला होता. तो तेव्हा आमच्याबरोबर हसला आणि नंतर त्यानं बोलणंच टाकलं. मग खेचायचं तरी कुठपर्यंत?”

हा प्रश्न हल्ली माझ्यासमोर सारखा येतो, म्हणून त्यातलं एक उदाहरण ओळख पटणार नाही अशा बेतानं सांगते. हा तरुण लिहिलेला कागदच घेऊन आला होता. यातलं काय ठेवू, काय काढू, ते मी सांगावं अशी त्याची अपेक्षा होती. मी कागद परत दिला आणि म्हटलं, “प्रत्येक विनोदासमोर एक रकाना आखा. ही गोष्ट तुम्हाला कशी कळली आणि तेव्हा तिथे कोण कोण होतं, एवढंच त्यात लिहा.”

पहिले काही भरभर झाले. मित्र कायम उशिरा येतो आणि ‘निघालोच’ म्हणत घरीच असतो: सगळ्यांनी पाहिलेलं. स्वतःच्या टकलावर तो स्वतःच बोलतो: चौघांत. मग परीक्षेत दोनदा नापास झाल्याचा विनोद आला आणि पेन थांबलं.

“हे त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. रात्री. रडत होता.”

“आणि पार्टीला कोण असणार?”

“ऑफिसातले. त्याची होणारी बायको. आईवडील.”

बराच वेळ तो कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे विनोद वाईट नाही. तो माझा नाहीच.”

माझ्या मते सगळी मर्यादा इथेच आहे. आपण विषयांची यादी करत बसतो: वजन, रंग, पगार, मोडलेलं लग्न. यादी हवीच, पण ती पुरत नाही. माहिती विश्वासानं मिळाली असेल, तर कितीही हलक्या हातानं मांडली तरी ती फोडल्यासारखीच लागते. टकलाचंही तसंच. चौघांत स्वतःवर केलेला विनोद म्हणजे चाळीस जणांसमोर दुसऱ्यानं करायचा परवाना नव्हे. मग हेतूचं काय? मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये चिडवण्याचा अभ्यास केला. चिडवणाऱ्याला वाटतं की आपला चांगला हेतू समोरच्याला दिसतोय. प्रत्यक्षात तो तितका पोहोचत नाही. मी वर्षानुवर्षं जे ऐकत आले, त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं.

निरोपात आणखी एक अडचण असते. एरवी चेष्टा जरा जास्त झाली, तर दुसऱ्या दिवशी भेटून ती मिटते. इथे दुसरा दिवसच नसतो. बोचलेलं वाक्य तो बरोबर घेऊन जातो. म्हणून आधीच विचारायचं, निदान आठवडाभर आधी आणि एकट्यात. “चालेल ना?” असं विचारलंत तर तो “हो”च म्हणेल. “कोणते तीन विषय नकोत?” असं विचारा, म्हणजे नाही म्हणायला जागा मिळते. कारण मात्र विचारू नका.

बोलणारे तीन-चारच ठेवा, प्रत्येकी तीन-चार मिनिटं, आणि सगळ्यांचं लिखाण त्याला नीट ओळखणाऱ्या एकानं आधी वाचावं. “आता कोणीही या आणि बोला” म्हटलं की घात होतो, कारण प्रत्येक जण आधीच्यापेक्षा मोठा हशा मिळवायला बघतो. व्हिडिओ काढायचा का, हे त्यालाच ठरवू द्या. शेवटचा माइक त्याच्या हाती, उलट खेचायला.

त्याच्या हसण्यावर विसंबू नका. तीस-चाळीस जणांसमोर हसण्यावाचून त्याच्याकडे पर्याय नसतो. हसू उशिरा येऊन लवकर मावळतंय का, बोलणाऱ्याकडे न बघता तो आईकडे किंवा बॉसकडे बघतोय का, “नाही, तेव्हा झालं असं की” म्हणून खुलासा करायला लागलाय का, ते बघा. तसं दिसलं तर तो विषय तिथेच सोडा आणि विनोद स्वतःवर घ्या. “राग नाही ना आला?” हे माइकवरून विचारू नका, कारण मग त्याला सर्वांदेखत “नाही” म्हणावं लागतं.

या तरुणानं नापासाचा विनोद काढला. टकलाबद्दल मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, “ते राहू दे, पण आईच्या तब्येतीवरून काही नको.” आईबद्दलचा विनोद कागदावर होता, आणि लिहिताना तो सगळ्यांत निरुपद्रवी वाटला होता.

एका बाबतीत मात्र मी रोस्ट करूच नका म्हणते: ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं त्याच एकाची टर उडत आली असेल तर. आणि मागच्या वेळी दुखावलेल्या मित्राला फोन करायचा असेल, तर “मजेत बोललो होतो” यानं सुरुवात करू नका. कोणतं वाक्य होतं, कोणासमोर बोललात, ते नेमकं सांगा, चुकलं म्हणा आणि त्याला बोलू द्या. लगेच माफ करण्याची अपेक्षा ठेवू नका.