तीन डोस झाल्यावर इंजेक्शन बदललं तर चालेल का?

"आईला स्तनाचा कॅन्सर आहे. ट्रास्टुझुमॅबचे तीन डोस मूळ कंपनीचे झाले. आता डॉक्टर बायोसिमिलर घ्या म्हणतात. हे जेनेरिकच ना? अर्धवट गुण देणारं तर नाही?"

कोथरूडहून आलेला मुलगा हे विचारत होता आणि शेजारी काकू गप्प बसून ऐकत होत्या. मी दोघांनाही सांगितलं, की बायोसिमिलर म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं, मूळ औषधाशी अगदी मिळतंजुळतं औषध. हे जेनेरिक नव्हे, आणि अर्धवट तर मुळीच नव्हे.

पॅरासिटामॉलसारखी गोळी रसायनांपासून बनते. तिचा रेणू लहान असतो, त्यामुळे दुसरी कंपनी तो हुबेहूब बनवू शकते. औषध रक्तात मूळ गोळीइतकंच उतरतं हे दाखवलं की जेनेरिकचं काम बहुतेक झालं. ट्रास्टुझुमॅब हे मात्र भलंमोठं प्रथिन आहे आणि ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत पेशींकडून तयार करून घेतात. एकाच विरजणाचं दही रोज किंचित वेगळं लागतं, तसा मूळ कंपनीच्याही दोन बॅचमध्ये बारीक फरक असतो. म्हणून इथे 'हुबेहूब' कुणालाच म्हणता येत नाही. बायोसिमिलरच्या प्रथिनाची रचना, त्यावरच्या साखरेच्या साखळ्या आणि पेशींवरचा परिणाम मूळ औषधाशी ताडून पाहतात, मग रुग्णांवर चाचणी होते. एवढा खटाटोप असल्यामुळे बायोसिमिलर स्वस्त असलं तरी जेनेरिक गोळीइतकं स्वस्त होत नाही. भारतात त्याला 'सिमिलर बायोलॉजिक' म्हणतात. त्यासाठी २०१२ पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

"मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का?" काकूंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. तसं करावं लागत नाही. त्यांचं वजन ६० किलो. पहिला डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, म्हणजे ४८० होता, पुढचे दर तीन आठवड्यांनी किलोमागे ६, म्हणजे ३६०. चौथाही ३६०च राहणार. ठरलेल्या अंतराने इकोही होत राहणार, कारण हृदयावर ताण येण्याची शक्यता दोन्ही औषधांत सारखीच आहे.

मला खरी काळजी वाटते ती दुकानदाराने परस्पर ब्रँड बदलण्याची. बदल डॉक्टरांनीच करावा. फाइलमध्ये नुसतं 'ट्रास्टुझुमॅब' न लिहिता ब्रँड आणि बॅच नंबर लिहून घ्या, खोक्याचा फोटो काढा. उद्या थंडी वाजून ताप आला किंवा अंगावर पुरळ उठलं, तर नेमकं कोणतं औषध गेलं होतं ते त्यावरूनच कळतं. ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन हे नाव असंच दिसतं, पण ते वेगळं औषध आहे आणि त्याचा डोसही वेगळा, म्हणून खोक्यावरचं नाव शेवटपर्यंत वाचा.

बाटली २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. मुलगा ती सदाशिव पेठेतून दुचाकीच्या डिकीत घालून आणणार होता. मी त्याला बर्फाच्या पिशव्यांचा डबा घ्यायला लावला आणि बाटली बर्फाला थेट टेकू नये म्हणून मध्ये पुठ्ठा ठेवायला सांगितलं.