सोयाबीनची कापणी नक्की कितव्या तारखेला? सांवेरहून आलेला प्रश्न

प्रश्न: साहेब, २४ जून २०२५ ला जेएस २०-३४ पेरली, ८७ दिवसांची आहे म्हणतात. आज ५ सप्टेंबर, कापणीला किती दिवस उरले? मोबाइलच्या शीटमध्ये बेरीज केली तर 45919 असा भलताच आकडा येतोय.

उत्तर: नमस्कार भाऊ, १९ सप्टेंबर धरा, म्हणजे आजपासून १४ दिवस. पेरणीचा दिवस मोजायचा नाही, जूनचे उरलेले ६, जुलैचे ३१ मिळून ३७, ऑगस्टचे ३१ घातले की ६८, मग ८७ व्हायला सप्टेंबरचे १९ लागतात. आपल्याकडे बरेच जण तीन महिने म्हणजे ९० दिवस असं धरून चालतात, पण २४ जून ते २४ सप्टेंबर ९२ दिवस होतात कारण मध्ये जुलै-ऑगस्ट दोन्ही ३१ चे.

शीटमधला तो आकडा चुकलेला नाहीये, ती १९ सप्टेंबरच आहे, शीट तारखेला आतून नंबर म्हणूनच ठेवते, त्या खान्याचा फॉरमॅट तारखेचा केला की नीट दिसेल. A2 मध्ये पेरणीची तारीख असेल तर पहिली ओळ कापणीची तारीख देते आणि दुसरी उरलेले दिवस, दुसरीचा फॉरमॅट मात्र साध्या नंबरचाच ठेवा:

```
=A2+87
=A2+87-TODAY()
```

उत्तर मायनसमध्ये आलं तर तारीख उलटून गेली समजा. #VALUE! आलं तर शीटने तुमची तारीख तारीख म्हणून घेतलेलीच नाही. यापेक्षा वाईट म्हणजे ५ जुलैसाठी 5/7 लिहिलं आणि शीट महिना आधी वाचणारी असली तर ती ७ मे धरते, एरर काहीच येत नाही आणि कापणी जवळपास दोन महिने अलीकडे दिसते, म्हणून महिना अक्षरात लिहून एकदा तपासाच.

आता महत्त्वाचं, १९ तारीख मजूर आणि थ्रेशर सांगून ठेवायला आहे, विळा लावायला नाही. कोरड्यात पेरलं असेल आणि पाऊस आठवड्याने आला असेल तर दिवस त्या पावसापासून मोजा, बी तोवर नुसतं पडून होतं. शेंगा भरताना पावसाने ताण दिला तर पीक लवकर पिवळं पडतं, ढगाळ ओलं राहिलं तर लांबतं, म्हणून १२ सप्टेंबरपासूनच शेतात फिरायला लागा, कडेकडेने नाही, मधे शिरून चार-पाच ठिकाणी बघा. पानं गळलीत आणि शंभरातल्या ९५ शेंगांचा हिरवा रंग गेलाय असं दिसलं की कापा, मग तारीख १६ असो की २२. पिकल्यावर उभी ठेवली तर उन्हात शेंगा तडकून दाणे खाली पडतात आणि पाऊस लागून राहिला तर शेंगेतच कोंब फुटतात, तेव्हा १९ ची वाट बघत थांबू नका. दुसरा तुकडा नंतर पेरला असेल तर त्याची ओळ वेगळी करा, दोन्हीला एकच तारीख लावू नका.