दीर्घिकांची अंतरे: सुपरनोव्हाची तेजस्विता येते कुठून?

प्रश्न: सुपरनोव्हावरून, म्हणजे ताऱ्याच्या प्रचंड स्फोटावरून, दीर्घिकेचे अंतर काढतात, पण मुळात त्याची खरी तेजस्विता कशी कळते?

उत्तर: अंतरे मोजण्याची जणू एक शिडी असते; ती तेजस्विता या शिडीच्या आधीच्या पायरीवरून कळते. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारे किंचित सरकलेले दिसतात; या पराशयावरून गाया यानाने आपल्या आकाशगंगेतील सेफीड ताऱ्यांची, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची, अंतरे निव्वळ भूमितीने मोजली. अंतर आणि दृश्य तेज हाती आले की खरी तेजस्विता निघते, आणि तेज कमी-जास्त होण्याचा काळ, म्हणजे स्पंदनकाल, जितका मोठा तितकी ती जास्त, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्येच दाखवले होते.

एम १०१ दीर्घिकेतील सेफीडांच्या स्पंदनकालांवरून ती सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षे दूर ठरते. तिच्यातच २०११ मध्ये १ए प्रकारचा सुपरनोव्हा दिसला, त्यामुळे त्याची कमाल तेजस्विता काढता आली. या प्रकारच्या सुपरनोव्हांची कमाल तेजस्विता जवळपास सारखीच असते, म्हणून तसाच दुसरा सुपरनोव्हा शंभरपट मंद दिसला, तर तो दहापट, म्हणजे सुमारे २१ कोटी प्रकाशवर्षे दूर असतो. (प्रत्यक्षात अशा अनेक दीर्घिका वापरतात आणि सुपरनोव्हाचे तेज किती वेगाने ओसरते त्यानुसार दुरुस्ती करतात.)

खालच्या पायरीतील चूक मात्र वरपर्यंत जाते: सेफीडांचे दोन वेगळे प्रकार असल्याचे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये मांडले, तेव्हा देवयानी दीर्घिकेचे अंतर जवळपास दुप्पट झाले आणि त्यावर बेतलेली पुढची अंतरेही वाढवावी लागली.