डिस्प्लेवरच्या काड्या भराभर उतरतात त्याचं कारण

प्रश्न: 48 व्होल्टची ई-बाईक आहे. बराच वेळ पाचही काड्या दिसतात, मग झपाझप उतरतात. चढावर एकच उरते आणि थांबलं की पुन्हा तीन येतात. बॅटरी गेली का?

नुसत्या या लक्षणावरून बॅटरीला दोष देऊ नका. साध्या डिस्प्लेला बॅटरीत किती चार्ज उरलाय हे कळतच नाही. त्या क्षणी आलेलं व्होल्टेज तो ठरलेल्या आकड्यांशी ताडतो आणि तेवढ्या काड्या लावतो.

तुमचा पॅक बहुधा नेहमीच्या लिथियम-आयन सेलचा, 13 गट सिरीजमध्ये जोडलेला असेल. म्हणजे पूर्ण चार्जला प्रत्येकी 4.2 प्रमाणे 54.6 व्होल्ट. समजा डिस्प्लेची पाचवी काडी 50 व्होल्टला जाते आणि पुढच्या 48, 46, 44, 42 ला. (मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, पण मांडणी साधारण अशीच असते.) 50 व्होल्ट म्हणजे प्रत्येक सेल 3.85 वर, तोवर जवळजवळ 40 टक्के चार्ज संपलेला असतो. तरी काड्या पाचच. तिथून 46 पर्यंतच्या दोन काड्यांत उरलेल्यातला बहुतेक चार्ज निघून जातो, आणि शेवटच्या दोन काड्यांत मिळून जेमतेम दहा-बारा टक्के राहतो. काड्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या मागचा चार्ज सारखा नसतो.

आता चढाचं. प्रत्येक पॅकला आतला रोध असतो. सेल, पट्ट्या, पॅकचं रक्षण करणारं बीएमएस हे सर्किट, वायर, कनेक्टर असं सगळं मिळून तो 0.2 ओहम धरा. सपाटीवर मोटर 5 अँपिअर घेते तेव्हा व्होल्टेज 1 व्होल्टने खाली येतं. चढावर 20 अँपिअर घेतले की 4 व्होल्ट. एका जागी उभ्या बाईकवर 50 दिसत असतील तर चढावर 46 दिसतील, म्हणजे दोन काड्या क्षणात गेल्या. चार्ज मात्र जवळपास तेवढाच आहे, म्हणून थांबल्यावर त्या परत येतात. थंडीत हा रोध वाढतो, त्यामुळे तीच बाईक त्याच चढावर आणखी खाली उतरलेली दिसते.

बॅटरी खरंच थकलीय का, हे मोजूनच कळेल. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये काड्यांऐवजी व्होल्ट दाखवण्याची सोय असेल तर ती लावा. नसेल तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून पॅकच्या आउटपुटवर वाचा. प्रोबची टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, या पॅकचा शॉर्ट अतिशय धोक्याचा असतो.

आधी पूर्ण चार्ज करून तासभर तसाच ठेवा आणि वाचा. 54 च्या वर असेल तर ठीक. 52-53 च येत असेल तर पॅक भरतच नाहीये: एकतर चार्जर कमी व्होल्टेज देतोय, किंवा एखादा गट बाकीच्यांच्या आधी भरतोय आणि बीएमएस चार्जिंग तोडतोय. चार्जरचं आउटपुट वेगळं मोजलं की यातलं कोणतं ते लगेच समजतं.

मग अर्ध्या चार्जला एकाच चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन व्होल्ट पाहा. उभ्या बाईकचा आकडा वजा चढावरचा आकडा, भागिले अँपिअर. 0.2 च्या आसपास आलं तर काळजी नको. 0.35-0.4 आलं तर मुख्य कनेक्टरला हात लावून बघा. तो गरम लागत असेल तर पॅक उघडण्याआधी तोच बदला, बऱ्याचदा दोष तिथेच निघतो. कनेक्टर थंड असेल तर सेल म्हातारे झालेत असं धरा.

एक प्रकार मात्र याच्या उलट वागतो, आणि तो खरा बिघाड आहे: दोन-तीन काड्या दिसत असताना बाईक एकदम बंद पडते. बारा गट 3.6 वर आणि एक कमजोर गट 2.8 वर असेल, तर बेरीज 46 येते. डिस्प्लेला सगळं बरं दिसतं, पण बीएमएस प्रत्येक गट वेगळा बघतो आणि त्या एका गटासाठी पुरवठा तोडतो. असं होत असेल तर बीएमएसच्या बॅलन्स वायरवर प्रत्येक गटाचं व्होल्टेज तपासून घ्या, आणि ते काम पॅक उघडायची सवय असलेल्याकडूनच करा.

पॅक एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा असेल तर वरचे आकडे लावू नका. त्याचं व्होल्टेज मधल्या मोठ्या भागात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे काड्यांवर भरवसा आणखी कमी.

तुमच्या वर्णनात काड्या परत येतात, म्हणून मी आधी चढावरचं मोजमाप करीन. रोध ठीक निघाला तर व्होल्टचा आकडा लावून ठेवा आणि तो थांबल्यावर मिनिटभराने वाचा. 48 दिसले की परतायचं, हा तुमच्या पॅकसाठी काड्यांपेक्षा खूप पक्का हिशेब आहे. त्याहून नेमकं हवं असेल तर शंट असलेला मीटर बॅटरी आणि कंट्रोलरच्या मधे बसवा; तो किती अँपिअर-तास गेले ते मोजतो, त्यामुळे चढ आला तरी आकडा उड्या मारत नाही.