दारूनं गोळी ‘बाद’ होते का?

बर्मिंगहॅमहून एका मुलीचं पत्र आलंय. माहेर आमच्या दांडिया बाजारातलं, लग्नाला दोन वर्षं झालीत, मूल इतक्यात नको म्हणून गोळी चालू आहे. शुक्रवारी ऑफिसची पार्टी होती. रोजच्यासारखी रात्री १० वाजता पर्समधली गोळी घेतली, पाकिटातली सोळावी. आधी वाइन झाली, मग कुणीतरी टकीला मागवली, आणि साडेबाराला टॅक्सीतून उतरून ही थेट बाथरूममध्ये. सकाळी जाऊबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, “प्यायलीस ना? मग गोळीचा असर गेला. आता पाळी येऊन जाईपर्यंत पाकीट बंद ठेव.” हिनं ठेवलं. पत्र मंगळवारी सकाळचं आहे: “मावशी, थोडं रक्त दिसतंय. रविवारी आम्ही जवळ आलो होतो. दारूनं गोळी खरंच बाद होते का?”

बडोद्यात बसून दारूवर सल्ला द्यायचा म्हणजे गंमतच आहे. गुजरात १९६० साली वेगळं झालं तेव्हापासून आमच्याकडे दारूबंदी. पण रावपुऱ्यातल्या दवाखान्यात दमणहून परत आलेल्या कितीतरी मुली हाच प्रश्न घेऊन यायच्या, “सासूबाईंना कळू देऊ नका” या पुरवणीसकट. त्यामुळे उत्तर जुनंच आहे.

नाही, दारूनं गोळी बाद होत नाही. गोळीतली संप्रेरकं यकृत ज्या वाटेनं मोडतं ती वाट काही औषधांनी फार जोरात चालू लागते आणि गोळी खरोखर कमजोर पडते. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरचं कार्बामाझेपिन ही त्यातली ठळक नावं. दारू त्या यादीत नाही. दोन पेले घेतलेस काय किंवा चार, पोटात राहिलेली गोळी आपलं काम करतेच.

अडचण ‘राहिलेली’ या शब्दात आहे. गोळी पोटात विरघळते आणि तिच्यातलं औषध लहान आतड्यातून रक्तात जातं, त्याला वेळ लागतो. म्हणून ब्रिटनमध्ये ठोकताळा असा आहे की गोळी घेतल्यापासून ३ तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी घेतलीच नाही असं धरायचं आणि लगेच दुसरी घ्यायची. काही गोळ्यांच्या माहितीपत्रकात ३ ते ४ तास लिहिलेलं असतं, आपल्या पाकिटातला कागद वाचावा. उलटीत गोळी दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. ती इतकी लहान असते आणि इतक्या लवकर विरघळते की दिसण्या-न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. ठरवायचं ते घड्याळावर.

तुझं घड्याळ सांगतं: १० ला गोळी, साडेबाराला उलटी, म्हणजे अडीच तास. शुक्रवारची गोळी गेली. तू शनिवारी सकाळी ९ ला उठून एक गोळी घेतली असतीस आणि रात्री १० ला नेहमीची, तर गोष्ट तिथेच संपली असती. दोन्ही संप्रेरकं असलेल्या, म्हणजे संयुक्त गोळीच्या बाबतीत एखादी गोळी काही तास उशिरा गेल्यानं संरक्षण जात नाही. अमेरिकेतल्या डॉक्टर तर अशा एका उलटीनंतर जास्तीची गोळी घेऊ नकोस, पुढची वेळेवर घे, असंही सांगतील. त्यांच्याकडच्या सूचना तशाच आहेत. त्याचं कारणही हेच की एका गोळीची कसर ही गोळी सोसते.

घोळ शुक्रवारी झाला नाही, शनिवारपासून झाला. उलटीनं एक गोळी गेली आणि जाऊबाईंच्या सल्ल्यानं तीन.

तरी घाबरू नकोस. २१ गोळ्यांच्या पाकिटानंतर आपण ७ दिवस गोळी घेतच नाही, आणि तेवढ्या सुट्टीत अंडाशय जागं व्हायला वेळ पुरत नाही. तू आधीच्या १५ गोळ्या न चुकता घेतल्यास असं लिहिलंयस. म्हणजे आत्तापर्यंतचे चार दिवस त्या सात दिवसांच्या आतलेच आहेत. रक्त दिसतंय तेही गोळी थांबल्यामुळे, सुट्टीत येतं तसंच. रविवारसाठी इमर्जन्सी गोळीची गरज नाही, पण पुढचं नीट पाळलंस तरच.

आज पत्र वाचल्या वाचल्या सतरावी गोळी घे. रात्री १० ला अठरावी. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं, फार तर मळमळेल. बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी उरलेल्या तीन. शनिवारी सुट्टी न घेता सरळ नवं पाकीट उघड. आजपासून सात दिवस कंडोम वापरा. सुट्टी घेतलीस तर मात्र दोन सुट्ट्या जवळजवळ लागून येतील, आणि धोका तिथे आहे.

हेच सगळं पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात झालं असतं तर मी असं शांतपणे लिहिलं नसतं. सात दिवसांची सुट्टी आधीच झालेली, तिला हे चार दिवस जोडले की जवळपास अकरा दिवस होतात. तेवढ्यात अंडं सुटू शकतं. तेव्हा मी म्हटलं असतं, आजच फार्मसीत जा, इमर्जन्सी गोळीचं विचार, आणि तीन आठवड्यांनी दिवस राहिलेत का याची तपासणी कर. त्या गोळीनंतरही ३ तासांत उलटी झाली तर ती परत घ्यावी लागते, हे पार्टीच्या दुसऱ्या दिवशी पोट ढवळत असताना मुली हमखास विसरतात.

एकाच संप्रेरकाची मिनी-पिल घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा आणि जास्त कडक आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळते ती डेसोजेस्ट्रेलची गोळी १२ तासांपर्यंतचा उशीर सोसते. जुन्या प्रकारच्या मिनी-पिल फक्त ३ तास. रात्री १० ची गोळी उलटीत गेली आणि सकाळी ९ ला बदली घेतली, तर डेसोजेस्ट्रेलवाली कशीबशी वेळेत बसते. जुन्या गोळीवालीनं मात्र गोळी घेऊन पुढचे दोन दिवस कंडोम वापरावा.

आणि भारतातून बॅगेत पाकिटं भरून नेणाऱ्यांनो, बदली गोळी पाकिटाच्या शेवटून काढू नका. माला-डीसारख्या २८ च्या पाकिटातल्या शेवटच्या सात तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात, त्यांत संप्रेरक नसतं. एका बाईंनी उलटीनंतर इमानेइतबारे त्यांतलीच एक घेतली होती आणि “घेतली ना गोळी” म्हणून माझ्याशी वाद घालत होत्या. बदलीसाठी एक जादा पाकीट घरात ठेवावं आणि त्यातली संप्रेरकाची गोळी घ्यावी, म्हणजे चालू पाकिटाचे वारही बिघडत नाहीत.

तुझ्यासाठी एक शेवटचं. १० ची वेळ बदल. संध्याकाळी ७ ला घे, देवापाशी दिवा लावायच्या वेळेला. वेळ अलीकडे आणण्यात संयुक्त गोळीला काही अडचण नाही, एक दिवस २१ तासांनी घेतली इतकंच. मग पार्टीत साडेबाराला काय व्हायचं ते होवो, गोळी साडेपाच तास आधीच पोटातून पुढे गेलेली असेल. जाऊबाईंना माझा नमस्कार सांग. आणि हे पत्र त्यांनाही वाचायला दे.