ओहोटीची वेळ धरून पत्र लिहा

प्रश्न: मी बडोद्यात नोकरी करतो. गावी, रत्नागिरी जिल्ह्यात, वडील मच्छीमार सोसायटीचे सचिव आहेत. मासळी उतरवायच्या जेट्टीचं काँक्रीट खालून गळतंय. दुरुस्तीसाठी पत्र लिहून द्यायला सांगितलंय. कोणाला लिहू आणि काय लिहू?

उत्तर: मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारात राहतो. आरसीसी बांधकामांची पाहणी आणि दुरुस्ती यांतच माझी सगळी नोकरी झाली. असंच एक पत्र मी रायगडातल्या चुलतभावाच्या सोसायटीसाठी लिहिलं होतं. म्हणजे दोनदा लिहिलं, कारण पहिलं फुकट गेलं.

पहिल्यात मी लिहिलं होतं, ‘जेट्टीची दुरवस्था झाली असून मच्छीमार बांधवांची गैरसोय होत आहे.’ दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ तेव्हा आधी जेट्टी कोणाची ते शोधा. मासळी उतरवायची असली तरी ती मत्स्यव्यवसाय विभागाचीच असेल असं नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाची असू शकते, ग्रामपंचायतीने कुठल्या तरी निधीतून बांधलेलीही असू शकते. कोनशिला बघा आणि सोसायटीच्या जुन्या फायलीत कार्यारंभ आदेशाची प्रत सापडते का ते पाहा. मालकाला मूळ पत्र आणि जिल्ह्याच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांना प्रत, असं करा.

आता खरा मुद्दा. जेट्टी वरून धडधाकट दिसते आणि खालून मरते. भरती-ओहोटीत आलटून पालटून भिजणाऱ्या-वाळणाऱ्या भागात खारं पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. आधी तांबूस ओघळ येतात, मग सळईच्या रेषेत चीर पडते. हातोडीने ठोकलं की आवाज पोकळ येतो. शेवटी खपली सुटते. तुमच्याकडे ही शेवटची पायरी आलेली दिसते.

हे बघायला साहेब अकरा वाजता येतात. तुमचे वडील हसतील, कारण पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराला कोकणात भरती असते! खाली फक्त पाणी. साहेब वरून चालत जातात, ‘स्थिती समाधानकारक’ लिहितात आणि जातात. म्हणून पाहणीची तारीख आणि वेळ पत्रातच सुचवा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब वडिलांना तोंडपाठ असेल. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. उधाणाचा जोर तेव्हा पुरता ओसरलेला नसतो, त्यामुळे पाणीही बऱ्यापैकी खाली जातं. भांगाच्या दिवसांत बोलावू नका, तेव्हा पाणी फारसं खाली जातच नाही.

नुकसान जागेनिशी लिहा. आमच्या दुसऱ्या पत्रातला मजकूर असा होता:

‘जमिनीकडून मोजता खांबांच्या तिसऱ्या व चौथ्या रांगेमधील स्लॅबच्या खालच्या बाजूचे काँक्रीट सुमारे दीड मीटर लांबीत सुटले असून पाच सळ्या उघड्या आहेत, त्यांपैकी दोन तुटल्या आहेत. याच भागावरून बर्फाचे टेम्पो जातात. तरी येत्या चतुर्थीस सकाळी ९ वाजता ओहोटीच्या वेळी होडीतून संयुक्त पाहणी करावी, होडीची व्यवस्था संस्था करील. पाहणी होईपर्यंत या भागावर वाहन न्यावे की नाही, हे लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. दुरुस्तीला निधी नाही असं सांगता येतं, पण ‘टेम्पो न्या’ असं लेखी द्यायला कोणी धजावत नाही. आमच्याकडे अभियंता चतुर्थीलाच आला, होडीतून खाली गेला, आणि त्याच दिवशी तिथे बॅरिकेड लागलं. चुलतभाऊ वैतागला, कारण बर्फ पन्नास पावलं डोक्यावरून वाहायची वेळ आली. तो त्रास होणार हे सोसायटीत आधी सांगून ठेवा.

‘प्लास्टर करून मिळावे’ असं चुकूनही लिहू नका. गंजलेल्या सळईवर सिमेंट थापलं की आत गंज चालूच राहतो आणि प्लास्टर पुन्हा सुटतं. सळईच्या मागपर्यंत काँक्रीट फोडून, गंज साफ करून, झिजलेल्या सळ्यांना नव्यांची जोड देऊन मगच भरायचं असतं. हे अंदाजपत्रकात धरा, एवढंच मागा.

पत्र सप्टेंबरातच द्या. अंदाजपत्रक, मान्यता, निविदा यांत महिने जातात, आणि खालचं काम पावसाळ्यातल्या लाटांत होत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा जेट्टी मोकळी मिळेल, असं वडिलांच्या मनात असेल, पण मोकळी जेट्टी आणि शांत पाणी एकत्र मिळत नाही. काम ऑक्टोबर ते मे यातच, निम्मी जेट्टी चालू ठेवून करावं लागेल. कुठली निम्मी, हे सोसायटीच्या ठरावातच लिहा, ठराव पत्राला जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.