कोन मोजला की अंतर कळतं: प्रकाशवर्ष, पार्सेक आणि खगोलीय एकक

प्रश्न: प्रकाशवर्ष हे एकक असताना पार्सेक कशाला हवं? शोधनिबंधांत तर प्रकाशवर्ष जवळपास दिसतच नाही.

ताऱ्याचं अंतर थेट मोजता येत नाही. दुर्बिणीतून मोजला जातो तो कोन. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने पाहिलं तर जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. निम्मा अशासाठी, की पाया म्हणून पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास न घेता सूर्य-पृथ्वी अंतर घेतात, म्हणजेच एक खगोलीय एकक. पराशय बरोबर एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग असेल, तर तो तारा एक पार्सेक दूर. कोन निम्मा झाला की अंतर दुप्पट होतं. म्हणून एकाला पराशयाने भागलं की उत्तर थेट पार्सेकमध्ये मिळतं, मध्ये कुठलाही गुणक लागत नाही.

हंस तारकासमूहातला ६१ सिग्नी हा तारा घ्या. १८३८ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी त्याचा पराशय सुमारे ०.३१४ विकला मोजला. ताऱ्याचं अंतर खात्रीने कळण्याची सुरुवात या मोजमापापासून झाली. आज तो ०.२८६ विकला धरतात. १ भागिले ०.२८६ म्हणजे ३.५ पार्सेक. प्रकाशवर्षं हवी असतील तर याला ३.२६ ने गुणायचं, उत्तर ११.४. हा गुणाकार चुकीचा नाही, पण संशोधकाला त्यातून नवं काही मिळत नाही. शिवाय ताऱ्यांची निरपेक्ष प्रत, म्हणजे मूळची तेजस्विता, ठरवताना सगळे तारे १० पार्सेकवर आहेत असं मानण्याची पद्धत पक्की रुजली आहे, त्यामुळे पुढची सूत्रंही पार्सेकमध्येच लिहिलेली असतात.

प्रश्न: भागाकार इतका सोपा आहे, तर कृत्तिकांचं अंतर एका पुस्तकात ३८५ प्रकाशवर्षं आणि दुसऱ्यात ४४० कसं?

हा फरक एककांचा नाही, कोनाचा आहे, आणि त्यामागचा वाद बरीच वर्षं चालला. हिप्पार्कोस या उपग्रहाच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून कृत्तिकांचं अंतर साधारण ११८ पार्सेक निघालं. ताऱ्यांचे रंग आणि तेजस्विता यांवरून काढलेलं अंतर मात्र १३० पार्सेकच्या पुढे जात होतं. ११८ खरं मानलं तर कृत्तिकांमधले तारे मूळचेच अपेक्षेपेक्षा सुमारे पाव हिश्शाने मंद ठरत होते. दिसणारी तेजस्विता तीच ठेवून तारा जवळ आणला, तर तो प्रत्यक्षात कमी प्रकाश देतो असंच म्हणावं लागतं. ताऱ्यांच्या अंतरंगाचं गणित यात बसेना.

एका बाजूला उपग्रहाने थेट मोजलेला कोन होता आणि दुसऱ्या बाजूला तारे कसे जळतात याची आपली समज. २०१४ साली दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून कृत्तिकांमधल्या काही ताऱ्यांचे पराशय स्वतंत्रपणे मोजले गेले आणि १३६ पार्सेक हे उत्तर आलं. पुढे गाया उपग्रहानेही तेच दाखवलं. १३६ पार्सेक म्हणजे सुमारे ४४० प्रकाशवर्षं, तेव्हा तुमचं दुसरं पुस्तक बरोबर आहे.

एवढा वाद कितीशा कोनावरून झाला ते पाहा. ११८ पार्सेकला पराशय ०.००८५ विकला होतो आणि १३६ ला ०.००७४. फरक विकलेच्या हजाराव्या भागाइतका. म्हणून अंतर वाचताना त्यामागचा पराशय आणि त्यातली त्रुटी पाहायची सवय मला फार मोलाची वाटते. त्रुटी पराशयाच्या पाचव्या हिश्शाच्या पुढे गेली की एकाला पराशयाने भागण्याची साधी रीत दिशाभूल करू लागते. फार दूरच्या ताऱ्यांचा मोजलेला पराशय कधी कधी ऋणही येतो. तो चुकीचा समजून टाकून द्यायचा नसतो, पण त्याच्या भागाकारातून अंतर काढता येत नाही. तिथे संभाव्यतेचं गणित वापरावं लागतं.

प्रश्न: सूर्यमालेत सरळ किलोमीटर का वापरत नाहीत? अंतरं तर आता अचूक माहीत आहेत.

अंतराळयान चालवणारे किलोमीटर वापरतातच. पण खगोलीय एककाचा जन्म असा झाला, की ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरं आधी कळली आणि प्रत्यक्ष अंतरं फार नंतर. केप्लर यांच्या तिसऱ्या नियमानुसार, काळ वर्षांत आणि अंतर खगोलीय एककांत घेतलं तर काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाइतका असतो. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात. त्याचा वर्ग साधारण १४१, आणि त्याचं घनमूळ ५.२. गुरू सूर्यापासून ५.२ खगोलीय एककं दूर आहे हे असं कळतं, एक एकक किती किलोमीटरचं हे ठाऊक नसतानाही. १९६० च्या दशकात शुक्रावर रडारचे तरंग पाठवून ती मोजपट्टी नेमकी झाली. २०१२ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने हे एकक १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर असं कायमचं ठरवून टाकलं.

याचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र सूर्यमालेबाहेर होतो. पार्सेकची व्याख्याच खगोलीय एककावर बेतलेली असल्याने कोन विकलांत आणि अंतर पार्सेकमध्ये घेऊन गुणाकार केला की वस्तूचा आकार थेट खगोलीय एककांत मिळतो. वृषभ राशीतल्या एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवती धूळ आणि वायूची तबकडी आहे. तो सुमारे १४० पार्सेक दूर आहे. २०१४ साली अल्मा दुर्बिणींनी त्याचं चित्र घेतलं, तेव्हा ०.०३५ विकलांपर्यंतचे बारकावे दिसत होते. गुणाकार करा: जवळपास ५ खगोलीय एककं, म्हणजे सूर्य ते गुरू एवढं अंतर. तबकडीतल्या काळ्या फटी ग्रहांच्या कक्षांशी पडताळून पाहता येतात त्या या मापामुळे.

प्रश्न: मग प्रकाशवर्ष फक्त सामान्य वाचकांसाठीच उरलं का?

बऱ्याच अंशी हो. ते मोजमापातून येत नाही. प्रकाशाचा वेग आणि ३६५.२५ दिवसांचं वर्ष यांच्या गुणाकारातून येतं: ९.४६ लाख कोटी किलोमीटर. पण प्रकाशाला लागणारा वेळ हाच जिथे मुद्दा असतो, तिथे संशोधकही त्याच कुटुंबातली एककं वापरतात. एखाद्या क्वेसारची, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राची, तेजस्विता काही दिवसांत बदलली, तर प्रकाश देणारा भाग काही प्रकाशदिवसांपेक्षा फार मोठा असू शकत नाही, कारण एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला त्याआधी पोहोचतच नाही.

आकाशगंगेच्या आसपास आणि त्यापलीकडे किलोपार्सेक, मेगापार्सेक चालतात. देवयानी दीर्घिका सुमारे ७८० किलोपार्सेकवर आहे, म्हणजे २५ लाख प्रकाशवर्षं. इथवर प्रकाशवर्षाने घोटाळा होत नाही. त्याही फार पलीकडे मात्र होतो. जीएन-झेड११ या दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे १३.४ अब्ज वर्षं लागली, म्हणून ती १३.४ अब्ज प्रकाशवर्षं दूर आहे असं लिहिलेलं आढळतं. पण त्या काळात विश्व प्रसरण पावत राहिलं, त्यामुळे आजचं अंतर सुमारे ३२ अब्ज प्रकाशवर्षं भरतं. दोन्ही आकडे आपापल्या अर्थाने खरे आहेत, पण ‘प्रकाशवर्षं’ एवढंच लिहिलं तर नेमका कोणता अर्थ, हे कळत नाही. म्हणून शोधनिबंधात आधी ताम्रसृती, म्हणजे प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप, लिहितात, या दीर्घिकेसाठी १०.६. ती वर्णपटातून थेट मोजलेली असते. अंतर त्यानंतर, कुठल्या प्रकारचं आणि विश्वाचं कोणतं प्रारूप धरून काढलं, याच्या उल्लेखासह.